दहाचा वाटा, अडीचशेचा वाटा

फोंड्याच्या मासळी बाजारात माझ्या आत्याला फसवणं सोपं नाही. मासेवाली "शंभराला वाटा" म्हणाली की आत्या आधी वाट्याकडे बघते. बांगडे किती, केवढे, कल्ले लाल आहेत की काळपटले आहेत, हे सगळं पाहून झालं की मग तोंड उघडते. पलीकडची "पन्नासाला घे गो बाय" म्हणून ओरडली तरी ती हलत नाही. पन्नासाच्या वाट्यात चार बारके बांगडे असले तर तो शंभराच्या वाट्यापेक्षा महाग पडतो, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

तीच आत्या गेल्या महिन्यात म्हार्दोळहून माझ्याकडे एक फॉर्म घेऊन आली. निफ्टी 50 निर्देशांकावर चालणारा एक नवीन म्युच्युअल फंड बाजारात येत होता आणि त्याचं युनिट दहा रुपयांना मिळणार होतं. मी तिला दोन वर्षांपूर्वी त्याच निर्देशांकाचा एक जुना फंड सुचवला होता, त्याचं युनिट आता अडीचशेच्या आसपास होतं. आत्याचा प्रश्न सरळ होता. "अरे, तीच वस्तू दहाला मिळते तर मी अडीचशेला कशाला घेऊ? पन्नास हजारांत मला पाच हजार युनिटं मिळतील. तुझ्या फंडात फक्त दोनशे."

मी आता फोंड्यात लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो. त्याआधी काही वर्षं मुंबईत फंडांचे रोजचे हिशेब करणाऱ्या एका ऑफिसात होतो. तिथे दर संध्याकाळी हा आकडा जन्माला येताना पाहिलेला आहे, म्हणून आत्याला तोच हिशेब मांडून दाखवला.

युनिटच्या या भावाला एनएव्ही म्हणतात, मराठीत निव्वळ मालमत्ता मूल्य. फंडाकडे आज जे काही आहे त्यातून फंडाचं देणं वजा करायचं आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचं. सूत्र एवढंच आहे. कस लागतो तो "जे काही आहे" आणि "देणं" यांत नेमकं काय काय धरायचं हे ठरवताना.

समजण्यासाठी एक छोटा फंड घेऊ. त्याच्याकडे तीनच कंपन्यांचे शेअर आहेत. (खऱ्या फंडात असं चालत नाही, तिथे पन्नास-साठ कंपन्या असतात.) एका बँकेचे दोन लाख शेअर आहेत, आजचा बंद भाव 1,000 रुपये, म्हणजे 20 कोटी. एका सॉफ्टवेअर कंपनीचे एक लाख शेअर 1,500 रुपयांनी, म्हणजे 15 कोटी. एका इंजिनिअरिंग कंपनीचे पन्नास हजार शेअर 2,600 रुपयांनी, म्हणजे 13 कोटी. झाले 48 कोटी. फंडाने ते शेअर कधी, केवढ्याला घेतले होते याला इथे किंमत नाही. आज बाजार बंद होताना काय भाव होता, तेवढंच धरायचं.

यात रोख मिळवायची. लोकांना पैसे परत द्यायला लागतात म्हणून फंड थोडी रक्कम हाताशी ठेवतो, समजा 1 कोटी 90 लाख. शिवाय काही पैसे यायचे असतात. बँकेने लाभांश जाहीर केला आहे, शेअरच्या भावातून तो उतरलाही आहे, पण खात्यात अजून आलेला नाही. असे 12 लाख. नुकत्याच विकलेल्या शेअरांचे 20 लाख येणं बाकी आहे. तेही आपलेच. आता एकूण 50 कोटी 22 लाख झाले.

मग देणं. काल ज्यांनी युनिटं मोडली त्यांना 14 लाख द्यायचे आहेत. फंड चालवण्याचा खर्च, म्हणजे व्यवस्थापनाची फी, वितरकाचं कमिशन, रजिस्ट्रार, हिशेबतपासणी वगैरे, साठत आलेला पण अजून न दिलेला, 8 लाख. हे 22 लाख वजा केले की बरोबर 50 कोटी उरतात. युनिटं आहेत दोन कोटी. भागाकार केला की एनएव्ही 25 रुपये.

इथे आत्याने मला थांबवलं. "खर्च वर्षाला कापतात ना?" नाही, रोज कापतात. वर्षाचा खर्च दीड टक्का असेल तर 50 कोटींवर तो 75 लाख होतो. त्याचा 365 वा भाग, म्हणजे साधारण साडेवीस हजार रुपये, रोज संध्याकाळी एनएव्ही काढताना वजा होतात. एका युनिटमागे तो पैशाचा दहावा हिस्सा पडतो, म्हणून दिसत नाही. पासबुकात खर्चाची वेगळी नोंद कधी येत नाही, त्यामुळे कित्येकांना फंड फुकट चालतो असं वाटतं. आपण जो एनएव्ही वाचतो तो खर्च कापूनच आलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा दिवस. कुणीतरी आदल्या दिवशी या फंडात दहा लाख रुपये घातलेले आहेत. 25 रुपयांनी त्याला 40,000 युनिटं मिळाली. फंडाची रक्कम झाली 50 कोटी 10 लाख आणि युनिटं 2 कोटी 40 हजार. भागून पाहिलं तर पुन्हा 25 च. एनएव्हीचं खरं मर्म इथे आहे. नवीन माणूस आला तरी भाव हलत नाही, कारण तो जेवढे पैसे घेऊन येतो तेवढ्याच किमतीचे वाटे त्याच्यासाठी नवे पाडले जातात. एखाद्या फंडावर लोकांच्या उड्या पडल्या म्हणून त्याचा एनएव्ही चढत नाही, आणि कुणी फिरकलं नाही म्हणून उतरत नाही.

भाव हलतो तो पाटीतल्या मालाने. समजा त्या दिवशी बँकेचा शेअर दोन टक्के वर गेला, सॉफ्टवेअरचा एक टक्का खाली आला, इंजिनिअरिंगचा एक टक्का वर गेला. बँकेत 40 लाख वाढले, सॉफ्टवेअरमध्ये 15 लाख गेले, इंजिनिअरिंगमध्ये 13 लाख आले. निव्वळ 38 लाखांची भर. दिवसाचा खर्च वजा जाता नवा एनएव्ही 25.1886 रुपये.

आत्याने त्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दहा हजार रुपये घातले असते, तर तिला आदल्या रात्रीचा 25 चा भाव मिळाला नसता. तीनच्या आधी अर्ज गेला आणि पैसे फंडाच्या खात्यात पोचले, तर त्याच संध्याकाळी निघणारा भाव लागतो, म्हणजे 25.1886. पन्नास पैसे मुद्रांक शुल्क जाऊन 396.985 युनिटं. "पाहिलेला भाव एक आणि लावला दुसराच" ही तक्रार माझ्याकडे दर चार-सहा महिन्यांनी येते. त्यात फसवणूक नसते. कालच्या भावाने आज देऊ लागले, तर बाजार चढलेला पाहून दुपारी पैसे घालणारा जुन्या गुंतवणूकदारांच्या ताटातलं उचलून नेईल. युनिटं अपूर्णांकात मिळतात हेही इथे दिसतंच. त्यामुळे भाव मोठा असला तरी अडत काही नाही.

मुंबईतल्या ऑफिसातली एक आठवण इथेच सांगतो, कारण तिचा विषयाशी थेट संबंध आहे. संध्याकाळी शेअरबाजारातून बंद भावांची फाइल यायची, ती आमच्या यादीला लावायची आणि रात्री अकराच्या आत एनएव्ही जाहीर व्हायचे. नवीन आलेल्या पोराच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे बोनस विसरणं. वरच्या उदाहरणातल्या सॉफ्टवेअर कंपनीने एकास एक बोनस दिला समजा. त्या दिवशी शेअरचा भाव 1,500 वरून 750 च्या आसपास येतो आणि आपल्याकडचे एक लाख शेअर दोन लाख होतात. भाव फाइलमधून आपोआप येतो, पण संख्या दुप्पट करायची राहिली, तर साडेसात कोटी रुपये हवेत विरतात आणि 25 चा एनएव्ही 21.25 दिसतो. म्हणून जाहीर करण्याआधी प्रत्येक फंडाची त्या दिवसाची चाल त्याच्या निर्देशांकाशी ताडून बघायची पद्धत. निर्देशांक पाव टक्का हलला आणि फंड पंधरा टक्के पडला, तर कुठेतरी संख्या चुकली आहे. साहेब ओरडायचा, "शेअर अर्ध्यावर आला म्हणून स्वस्त झाला का रे? तुकडे दुप्पट झालेत!" तेव्हा ते फक्त कामाचं वाक्य वाटायचं.

तर आत्याचे दोन फंड. दोघांकडेही निफ्टी 50 मधल्या त्याच पन्नास कंपन्या, त्याच प्रमाणात. जुन्याचा एनएव्ही 250, कारण तो पुष्कळ वर्षांपूर्वी दहा रुपयांवर सुरू झाला आणि तेव्हापासून त्याच्यातला माल वाढत गेला. नवा दहावर आहे, कारण आज सुरू होतो आहे. दहा हा आकडा कुणी माल तोलून काढलेला नाही. वाटा केवढा पाडायचा एवढंच त्याने ठरतं, आणि बहुतेक फंड तो दहाचा पाडतात. काही लिक्विड फंडांनी तो हजाराचा पाडला, म्हणून त्यांचे एनएव्ही हजारांत दिसतात. आत्याच्या तर्काने गेलं, तर थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायची ही साधी जागा सगळ्यांत महाग ठरेल.

पन्नास हजार रुपये दोन्हीकडे घालून पाहू. जुन्यात 200 युनिटं, नव्यात 5,000. निफ्टी दहा टक्के वाढला. जुन्याचा एनएव्ही 275, गुणिले 200, झाले 55,000. नव्याचा 11, गुणिले 5,000, झाले 55,000. निफ्टी दहा टक्के पडला तर दोन्हीकडे 45,000. आत्याने हे कागदावर स्वतः करून पाहिलं, दोनदा. मग म्हणाली, "पण दहाचे वीस व्हायला वेळ लागत नाही. अडीचशेचे पाचशे कधी होणार?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो मूर्खपणाचा नाही. दहाचे वीस म्हणजे दहाची वाढ आणि अडीचशेचे पाचशे म्हणजे अडीचशेची, म्हणून दुसरी चढण मोठी वाटते. पण चढतात त्या पाटीतल्या पन्नास कंपन्या. रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेच्या शेअरला आपण कुठल्या फंडाच्या पाटीत, केवढ्या वाट्यात पडलो आहोत हे माहीत नसतं. त्या दुप्पट झाल्या की दोन्ही एनएव्ही दुप्पट होतात, त्याच दिवशी.

याचा चांगला दाखला आपल्याकडेच घडलेला आहे. गोल्ड बीज हा भारतातला पहिला सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड, 2007 चा. सुरुवातीला त्याचं एक युनिट साधारण एक ग्रॅम सोन्याचं होतं. 2019 मध्ये त्या एका युनिटची शंभर युनिटं केली. तीन हजारांच्या वर असलेला भाव एका रात्रीत तीस-पस्तीसच्या घरात आला. सोनं स्वस्त झालं नाही. ज्याच्याकडे एक युनिट होतं त्याच्याकडे शंभर झाली, आणि थोडे पैसे असलेल्यांना एखादं युनिट घेणं सोयीचं झालं, एवढंच. ईटीएफ शेअरबाजारातून घ्यायचा तर तिथे अर्धं-पाव युनिट मिळत नाही, म्हणून तिथे वाटा लहान करण्याला अर्थ होता.

मग महाग-स्वस्त असं काही नसतंच का? असतं, पण ते एनएव्हीत दिसत नाही. पाटीतला माल महाग असू शकतो. निफ्टीतल्या कंपन्या त्यांच्या नफ्याच्या कितीपटीने विकल्या जात आहेत हा आकडा, म्हणजे पी-ई, रोज जाहीर होतो. तो चढा असला तर दहावाला आणि अडीचशेवाला दोन्ही सारखेच महाग. दुसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेला रोजचा खर्च. समजा जुन्या फंडाचा खर्च वर्षाला 0.20 टक्के आणि नव्याचा 0.60 टक्के. पन्नास हजारांवर पहिल्या वर्षी शंभर आणि तीनशे रुपये, ऐकायला किरकोळ. पण निर्देशांक दर वर्षी अकरा टक्क्यांनी वाढला असं धरून पंधरा वर्षांचा हिशेब केला, तर जुन्यात सुमारे 2 लाख 33 हजार होतात आणि नव्यात 2 लाख 20 हजारांच्या थोडं वर. बारा हजारांची तफावत, म्हणजे दहा रुपयांना मिळालेला वाटा महाग पडला.

कमी एनएव्ही म्हणजे उलट महाग, असं तर रोज डोळ्यांसमोर असतं, पण कुणी बघत नाही. जानेवारी 2013 पासून फंडांना प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो, ज्यात वितरकाचं कमिशन नसतं. कुठल्याही एका फंडाच्या ग्रोथ, म्हणजे मध्ये पैसे न वाटणाऱ्या, पर्यायाचे रेग्युलर आणि डायरेक्ट असे दोन एनएव्ही शेजारी ठेवून बघा. पाटी तीच, माणसं तीच, माल तोच. डायरेक्टचा एनएव्ही जास्त असतो, आणि दोघांतली दरी वर्षागणिक रुंदावत जाते. रेग्युलरचा कमी आहे कारण त्यातून रोज थोडं जास्त कापलं गेलं. "स्वस्त म्हणून" तो घेणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरं असंच ठिकाण म्हणजे पैसे वाटत राहणारा पर्याय. पूर्वी त्याला लाभांश पर्याय म्हणत, 2021 पासून आयडीसीडब्ल्यू. यात फंड दोन रुपये वाटतो तेव्हा 20 चा एनएव्ही 18 होतो, कारण ते दोन रुपये पाटीतूनच काढलेले असतात. आमच्याकडे ज्यांना कोमुनिदादीची जोण, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला वाटा, मिळते त्यांना ती शेतांच्या उत्पन्नातून मिळते, मूळ शेत कापून नाही. इथे मात्र तुमचाच माल तुमच्या हातात ठेवतात आणि त्यावर तुमच्या उत्पन्नानुसार करही लागतो. अशा योजनेचा एनएव्ही वर्षानुवर्षं अठरा-वीसवरच रेंगाळतो. तो कमी दिसतो म्हणून ती स्वस्त ठरत नाही, तशी तेवढ्यानेच वाईटही ठरत नाही.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. ईटीएफ शेअरबाजारात विकले जातात, आणि तिथे भाव घेणारा-विकणारा ठरवतो, फंड नाही. त्यामुळे बाजारातला भाव एनएव्हीपेक्षा वर किंवा खाली जाऊ शकतो. परदेशी शेअरांच्या काही ईटीएफमध्ये हे झालेलं आहे. परदेशात पैसे गुंतवण्याची मर्यादा भरली, फंडाला नवे वाटे पाडता येईनात, आणि लोक असलेल्या वाट्यांवरच बोली लावत गेले. शंभराचा माल एकशे दहाला घेणं, याला खरोखर महाग म्हणतात. तिथे खरेदीआधी फंडाच्या वेबसाइटवर दिवसभर दिसणारा iNAV, म्हणजे त्या घडीचा अंदाजे एनएव्ही, आणि बाजारातला भाव शेजारी ठेवून बघायचा असतो. एनएव्ही किती मोठा आहे हे तिथेही बघायचं नसतं. बघायचं ते दोन आकड्यांमधलं अंतर.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग फॉर्म उलटा करून तिने विचारलं, "म्हणजे अडीचशेच्या वाट्यात माल किती, खर्च किती, इतकी वर्षं निर्देशांकाला चिकटून चालला की मागे पडला, हे सगळं बघता येतं?"

येतं. दर महिन्याला फंड आपल्या पाटीची यादी जाहीर करतो. जुने एनएव्ही amfiindia.com वर आहेत.

"आणि ह्या दहावाल्याचं?"

त्याचं अजून काहीच नाही. लोकांचे पैसे जमा झाल्यावर तो खरेदी करणार. निर्देशांक ठरलेला आहे म्हणून काय घेणार ते माहीत आहे, पण चालवतो कसा ते दिसायला वेळ लागेल.

"होडी अजून आली नाही," आत्या म्हणाली, "आणि हा वाट्याचे पैसे मागतो." फॉर्मची तिने चौघडी घातली आणि पिशवीतल्या पडवळाखाली ठेवून दिली.